फोटोतलं कोडं, आठ ओळींचं टेबल आणि दुमडलेली घडी

ठाण्यात नौपाड्यातल्या एका अभ्यासिकेत मी संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या मुलांचं तर्कक्षमतेचं बघते. तिथे येणाऱ्या, कळव्याच्या एका मुलाने परवा व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो टाकला. क्लासमध्ये मिळालेल्या झेरॉक्सचा, आडवी घडी पडलेल्या कागदाचा, ट्यूबलाइटची चमक मधोमध. खाली मेसेज: ‘ताई, हा प्रश्नच चुकलाय. सगळ्या शक्यता तपासल्या, एकही बसत नाही.’

कोडं खरं-खोटं बोलणाऱ्यांचं होतं. रेमंड स्मल्यन या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने ही जात लोकप्रिय केली. एका बेटावर दोनच प्रकारची माणसं राहतात. खरी माणसं कायम खरं बोलतात, थापाडी माणसं कायम खोटं बोलतात. कोण कोण आहे ते त्यांच्या बोलण्यावरून ओळखायचं. फोटोत तिघं होते:

अ म्हणतो: ब आणि क एकाच प्रकारचे आहेत.
ब म्हणतो: अ थापाड्या आहे ▒▒▒ क थापाड्या आहे.
क म्हणतो: आम्हा तिघांत खरी माणसं नेम▒ ▒▒ आहे▒.

काळे ठोकळे म्हणजे घडी आणि चमक. मुलाने वहीत ब च्या ओळीत ‘किंवा’ लिहिलं होतं आणि क च्या ओळीत ‘नेमका एक आहे’. त्याची सारणी मी ओळ न् ओळ तपासली. त्यात चूक नव्हती. घोळ त्याच्याही आधी होता, फोटो वाचण्यात.

असा फोटो आला की मी आधी सोडवायला बसत नाही. कागदावर प्रत्येक वाक्य उतरवते आणि जो शब्द डोळ्यांनी स्वच्छ दिसला नाही त्याच्याभोवती गोल करते. मग त्या गोलात काय काय असू शकतं ते लिहिते. इथे दोन गोल झाले. ब च्या ओळीत ‘किंवा’ किंवा ‘आणि’. घडीच्या वर एक वळण तेवढं दिसत होतं, पण ऱ्हस्व वेलांटी दोन्ही शब्दांत आहे, त्यामुळे त्यावरून निवाडा होईना. क च्या ओळीत मात्र फोटो मोठा करून बघितला तर ‘नेम’नंतरच्या अक्षरावर मात्रा होती. म्हणजे ‘नेमके’, आणि ‘नेमके एक’ असं आपण म्हणत नाही. वाक्याच्या शेवटीही ‘आहे’पुढे त चा दांडा अर्धवट दिसत होता. तेव्हा तिथे ‘नेमके दोन आहेत’ असणार. तिघांपैकी नेमके तीन असं कुणी सहसा लिहीत नाही, ‘तिघंही’ लिहितात.

आता सारणी. बारावीच्या गणितात तर्कशास्त्राच्या धड्यात ट्रूथ टेबल येतं, तेच. तिघं आहेत, प्रत्येकाचे दोन प्रकार, म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ ओळी. माणूस खरा असेल तर १, थापाड्या असेल तर ०. पुढच्या तीन रकान्यांत त्या ओळीची परिस्थिती धरली तर त्याचं वाक्य खरं ठरतं (१) की खोटं (०) ते लिहायचं. ब च्या वाक्यात सध्या ‘किंवा’ धरू.

| ओळ | अ | ब | क | अ चं वाक्य | ब चं वाक्य | क चं वाक्य |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | १ | १ | १ | १ | ० | ० |
| २ | १ | १ | ० | ० | १ | १ |
| ३ | १ | ० | १ | ० | ० | १ |
| ४ | १ | ० | ० | १ | १ | ० |
| ५ | ० | १ | १ | १ | १ | १ |
| ६ | ० | १ | ० | ० | १ | ० |
| ७ | ० | ० | १ | ० | १ | ० |
| ८ | ० | ० | ० | १ | १ | ० |

नियम एकच: माणसाचा आकडा आणि त्याच्या वाक्याचा आकडा सारखा हवा, आणि तो तिघांच्याही बाबतीत एकाच वेळी. नवीन मुलं इथे हमखास घसरतात. वाक्य खरं निघालं की ती ओळ ठेवतात. पाचवी ओळ बघा, तिन्ही वाक्यं खरी आहेत, पण अ थापाड्या धरलाय आणि त्याच्या तोंडून खरं वाक्य येतंय. ओळ बाद.

या नियमाने अ चे रकाने जुळवले की २, ३, ५ आणि ८ बाद होतात. ब चे जुळवले की उरलेल्यांतून १, ४, ७ जातात. राहते सहावी. तिथे क चा आकडा ० आणि त्याचं वाक्यही ०, जुळतं. म्हणजे अ थापाड्या, ब खरा, क थापाड्या.

आता मुलाची गोची कुठे झाली ते दिसेल. क च्या वाक्यात ‘नेमका एक’ धरलं तर सहाव्या ओळीत खरा माणूस खरोखर एकच आहे, म्हणजे वाक्य १ होतं, आणि क थापाड्या. जुळत नाही. उरलेली ती एकमेव ओळही जाते आणि सारणी रिकामी. एकही ओळ उरली नाही की मी आधी माझी बेरीज-वजाबाकी तपासते आणि ती बरोबर निघाली की थेट फोटोकडे जाते. पेपर काढणाऱ्याच्या चुकीपेक्षा आपल्या वाचण्यात गडबड असण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

दुसरा गोल अजून उभा होता. ब च्या ओळीत ‘आणि’ धरून मुलाला सारणी पुन्हा करायला लावली. फक्त एक रकाना बदलतो: अ आणि क दोघंही थापाडे असतील तरच १. असं केलं की सहावी ओळ टिकते आणि चौथीही टिकते. चौथीत अ खरा, ब आणि क थापाडे: अ चं वाक्य खरं, ब चं खोटं, क चं खोटं, सगळं जुळतं. एकाच कोड्याला दोन उत्तरं. ‘कोण कोण आहे ते ओळखा’ असा प्रश्न असेल तर एकच ओळ उरायला हवी, म्हणून ‘आणि’ बाद, ‘किंवा’ पक्का.

‘किंवा’वर मुलाने एक शंका काढली, ती चांगली होती. ‘ताई, दोघंही थापाडे असतील तर किंवा कसं चालेल?’ चहा किंवा कॉफी विचारलं तर आपण दोन्ही घेत नाही, तशी ती सवय. तर्काच्या प्रश्नांत ‘किंवा’मध्ये दोन्ही धरलेले असतात, वेगळं सांगितलेलं नसेल तर. इथे ते महत्त्वाचं आहे, कारण उत्तराच्या ओळीत अ आणि क दोघंही थापाडेच आहेत. ‘दोघांपैकी एकच’ असा अर्थ घेतला तर सहाव्या ओळीत ब चं वाक्य खोटं होतं आणि सारणी पुन्हा रिकामी.

पण ही तपासणी सगळं पकडत नाही. समजा क च्या ओळीत मी ‘नेमके दोन’ऐवजी ‘किमान दोन’ वाचलं असतं. सहाव्या ओळीत खरा माणूस एकच, म्हणून तेही वाक्य खोटंच, आणि उत्तर तेच राहतं. इथे नुकसान नाही. दुसऱ्या एखाद्या कोड्यात मात्र चुकीच्या वाचनालाही नेमकी एकच ओळ मिळू शकते, वेगळीच, आणि सारणी आपल्याला काही सांगणार नाही. म्हणून शंका असलेला शब्द दिसला की दुसरा फोटो मागायचा: कागद सपाट करून, दिवा बाजूला ठेवून, वरून सरळ काढलेला. मुलाने रात्री घरून तो पाठवला. घडीखाली ‘किंवा’ होता, आणि खाली ‘नेमके दोन आहेत’.

परीक्षेत आठ ओळी भरायला वेळ नसतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सीसॅटमध्ये दोन तासांत ८० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश गुण कापतात. तिथे सारणी डोक्यात चालवायची आणि कागदावर फक्त दोन फांद्या काढायच्या. हेच कोडं असं जातं:

ब पासून सुरुवात केली, कारण त्याचं वाक्य खोटं ठरलं तर सर्वांत जास्त माहिती मिळते. समजा ब थापाड्या. मग ‘अ थापाड्या किंवा क थापाड्या’ हे खोटं. ‘किंवा’ खोटं पडायला दोन्ही बाजू खोट्या लागतात, म्हणून अ खरा आणि क खरा. पण खरा अ म्हणतोय की ब आणि क एकाच प्रकारचे, आणि आपण तर ब ला थापाड्या आणि क ला खरा धरलंय. विसंगती. तेव्हा ब खरा.

ब खरा म्हणजे अ आणि क यांच्यात किमान एक थापाड्या आहे. समजा अ खरा. मग ब आणि क एकाच प्रकारचे, म्हणजे क ही खरा, आणि थापाड्या कुणीच उरत नाही. पुन्हा विसंगती. तेव्हा अ थापाड्या. त्याचं वाक्य खोटं, म्हणून ब आणि क वेगळ्या प्रकारचे, म्हणून क थापाड्या.

या मार्गात क चं वाक्य कुठेच लागलं नाही. ते फक्त पडताळणीला उपयोगी पडतं: खरा एकच आहे, क म्हणतो दोन, तो थापाड्या आहे, बरोबर. बरेच जण इथे थांबून पर्यायावर खूण करतात आणि ही शेवटची ओळ वाचतच नाहीत. त्या मुलाने क चं वाक्य चुकीचं वाचून पडताळणी न करता उत्तर दिलं असतं तरी ते बरोबर आलं असतं, आणि फोटोतली गडबड त्याला कळलीही नसती. त्याने पडताळलं, म्हणून तो अडला.

उलट विधान लिहिताना मुलं सर्वांत जास्त चुकतात ते ‘एकाच प्रकारचे’ला. त्याचं उलट ‘दोघंही थापाडे’ नव्हे. उलट म्हणजे एक खरा, एक थापाड्या, आणि कोण कोण ते अजून माहीत नाही. ‘नेमके दोन’चं उलटही ‘नेमका एक’ नव्हे: शून्य, एक किंवा तीन, यांतलं काहीही. मी मुलांना प्रत्येक वाक्याखाली त्याचं उलट आधीच लिहून ठेवायला लावते. फांद्या काढताना तेच समोर लागतं.