टन-किलोमीटरचा दर काढताना या चुका टाळा

नागपूरजवळच्या वाडीतल्या ट्रान्सपोर्टवाल्यांचे हिशेब मी बरीच वर्षे पाहतोय. एक टन माल एक किलोमीटर नेला की एक टन-किमी. गाड्या बदलतात, चूक तीच राहते: गाडीची क्षमता गुणिले मीटरवरचे किलोमीटर.

एका मालकाने असाच दर काढून कंत्राट घेतलं. गाडी 16 टनांची. नागपूर ते अमरावती 150 किमी पूर्ण भरून, तिथे 8 टन उतरवायचा, उरलेला 8 टन 100 किमीवर अकोल्याला, आणि 250 किमी रिकामी परत. फेरीचा खर्च 16,000 रुपये. त्याने 16 गुणिले 500 म्हणजे 8,000 टन-किमी धरले, दर आला 2 रुपये. वर 60 पैसे नफा लावून भाऊ खूश!

खरा हिशेब टप्प्याटप्प्याने होतो. 16×150 म्हणजे 2,400, 8×100 म्हणजे 800, परतीचे शून्य. एकूण 3,200, आणि दर 5 रुपये. पार्टी पोचलेल्या मालावरच पैसे देणार, म्हणजे फेरीला 8,320. डिझेलच 10,125 चं! बाकी गाड्यांचे पैसे त्याच खात्यात येत असल्याने तीन महिने कळलंच नाही. मग विचारतो, "गाडी तर रोज भरूनच जाते, मग पैसा काहून उरत नाही जी?"

काही जण सरासरी वजन गुणिले एकूण अंतर करतात: (16+8+0)÷3 म्हणजे 8 टन, गुणिले 500, म्हणजे 4,000. याला व्यावसायिक टन-किमी म्हणतात आणि पुस्तकात ते चालतं. पण टप्पे लहानमोठे असले की ते फसवतं. मी टप्प्यांचाच हिशेब धरतो.

दुसरी चूक घसाऱ्याची. आयकराच्या विवरणातला 30 टक्के उचलून इथे टाकू नका. 30 लाखांच्या गाडीवर पहिल्याच वर्षी 9 लाख बसतात आणि पुढे टन-किमीचा दर आपोआप उतरत जातो, गाडी तीच असून. मी 30 लाखांतून भंगाराचे 6 लाख वजा करतो, 8 वर्षांनी भागतो. महिन्याला 25,000 येतात. ड्रायव्हरचा पगारही तेवढाच. महिन्याला 20 फेऱ्या असतील तर प्रत्येकी 1,250 फेरीवर बसतात. गाडी गॅरेजमध्ये अडकून 10 च फेऱ्या झाल्या तर प्रत्येकी 2,500, आणि एवढ्यानेच दर 5 वरून 5.78 वर जातो. म्हणून फेऱ्या मागच्या वर्षीच्या वहीतून घ्या, मालकाच्या तोंडून नको.

ड्रायव्हरचा भत्ता मात्र फेरीगणिक, पगारात मिसळू नका.

टायर वेगळे धरत असाल तर गाडीच्या किमतीतून वजा करा, नाहीतर दोनदा मोजले जातात.

डिझेलला पंपाच्या पावत्यांची बेरीज पुरत नाही. टाकी फुल ते टाकी फुल मोजा. भरलेली गाडी 4 चा ॲव्हरेज देते, रिकामी 5 चा. घाईवाले सगळीकडे 5 लावतात, आणि मग ड्रायव्हरवर डिझेलचोरीचा आळ घेतात.