केळीच्या डॅशबोर्डला लाइव्ह की एक्स्ट्रॅक्ट?

टॅब्लोमध्ये लाइव्ह जोडणी असली की फिल्टर बदलताच क्वेरी थेट मूळ डेटाबेसवर जाते. रावेरला सकाळी गाड्या भरताना चौघांनी डॅशबोर्ड उघडला, तर त्याच डेटाबेसवर चालणारी काट्याची पावती रखडू शकते. म्हणून लाइव्ह फक्त आजच्या गाड्यांपुरतं ठेवा. महिन्याचा भाव-वजनाचा आढावा एक्स्ट्रॅक्टवर, म्हणजे डेटाच्या साठवलेल्या प्रतीवर न्या.

तिथे खरी फसगत इन्क्रिमेंटल रिफ्रेशची. साध्या सेटिंगमध्ये तो फक्त नव्या ओळी आणतो. संध्याकाळी जुन्या पावतीचं वजन दुरुस्त केलं किंवा पावती काढून टाकली, तरी एक्स्ट्रॅक्टमध्ये जुनाच आकडा राहतो. रोज रात्री फुल रिफ्रेश लावाच, आणि कालच्या क्विंटलची बेरीज डेटाबेसशी ताडून पाहा. शीटच्या शीर्षकात `<Data Update Time>` टाकलं, की आकडे कधीचे ते सगळ्यांना दिसतं.