कौलारू छपराच्या कैच्या चढवण्यापूर्वी

लाकूड मागवायच्या आधी कौलं हातात यायला हवीत. उतार किती ठेवायचा आणि रिपा किती अंतरावर ठोकायच्या, हे कौलावर ठरतं. दहा-बारा कौलं जमिनीवर एकमेकांत अडकवून मांडा. एकदा घट्ट दाबून आणि एकदा ओढून सैल करून मापं घ्या. दोन्हींच्या मधलं माप रिपांसाठी धरा.

उतारासाठी 4.2 मीटर रुंदीचं, 7 मीटर लांबीचं घर घेऊ. रुंदी म्हणजे दोन भिंतींच्या मध्यापासून मध्यापर्यंतची. 30 अंशांचा उतार हवा असेल तर 2.1 मीटर आडव्याला 1.21 मीटर उंची येते. भिंतीपासून आढ्यापर्यंत वासा साधारण 2.43 मीटर भरतो, वर वळचणीचा अर्धा मीटर. म्हणून तीन मीटरांहून थोडे लांबच वासे मागवा. खर्च वाचवायला उतार 20 अंशांवर आणायचा मोह होतो. मी तो टाळतो. पाणी मागे चढण्याचा धोका आहेच, शिवाय उंची 76 सेंटिमीटरवर येते आणि तेवढ्याच वजनाला वाशांचा बाहेरचा रेटा दीडपटीहून जास्त होतो. हा रेटा कैचीची खालची आडवी तुळई ताणात धरून ठेवते. म्हणून तिच्यासाठी सरळ रेषांचं, टोकांना गाठ नसलेलं लाकूड वेगळं काढून ठेवा. 12 मिलिमीटरच्या बोल्टचं भोक तिच्या टोकापासून निदान 9 सेंटिमीटर आत पाडा, नाहीतर बोल्ट लाकूड चिरत बाहेर येतो.

यादीतून हमखास राहतात ते तिरके टेके. माझ्याकडूनही एकदा राहिले होते. तेरा कैच्या 58 सेंटिमीटरवर नीट उभ्या होत्या, वर रिपा ठोकलेल्या, त्यामुळे सगळं पक्कं वाटलं. अर्धी कौलं चढल्यावर आढ्यावरून ओळंबा सोडला, तर साऱ्या कैच्या एकाच बाजूला चार बोटं कलल्या होत्या. वासे आणि रिपा यांचे नुसते चौकोन होतात, आणि चौकोन खिळ्यांवर फिरतो. तो त्रिकोणात अडकवावा लागतो. कौलं उतरवून पुन्हा सगळं सरळ करावं लागलं.

म्हणून दोन्ही पाख्यांवर, घराच्या दोन्ही टोकांना, वाशांच्या खालच्या अंगाने एकेक पट्टी बसवा. भिंतीजवळच्या पहिल्या कैचीच्या पायथ्यापासून निघून ती 45 अंशांत आढ्याकडे जाते आणि चार गाळे ओलांडते. लांबी 3.4 मीटर भरते, म्हणून 3.6 मीटरच्या चार अखंड पट्ट्या आणा. वाटेतल्या प्रत्येक वाशाला दोन-दोन खिळे मारा. पहिली कैची जमिनीपासून तात्पुरत्या टेकूंनी आधी ओळंब्यात धरा. ते टेकू चारही पट्ट्या ठोकून होईपर्यंत काढू नका.

कौलं चढवताना दोन्ही पाख्यांवर बरोबरीने चढवा.