कंसातल्या संदर्भात मध्येच आद्याक्षर का येतं?

झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून एपीए या संदर्भशैलीत प्रबंध लिहिताना बहुतेक ठिकाणी (जोशी, २०१५) असं येतं आणि एका पाटलांपुढे मात्र (एस. पाटील, २०१९) असं आद्याक्षर लागतं. ते हाताने खोडू नका, पुढे ते दुरुस्त करणं फार त्रासाचं होतं. एका नोंदीत 'एस. पाटील' आणि दुसरीत 'सुनील पाटील' असेल, तर झोटेरो त्यांना दोन वेगळे लेखक समजतं. एकच व्यक्ती असल्याची खात्री करून सगळ्या नोंदींत पूर्ण नाव सारखं लिहा, मग वर्डमध्ये Refresh दाबा. एकाच पुस्तकाला २०१९a, २०१९b लागलं असेल तर नोंद दोनदा झाली आहे. Duplicate Items मध्ये जाऊन ती एकत्र करा. खरोखर दोन वेगळे पाटील असतील तर आद्याक्षर राहू द्या.