सोसायटीतले कुत्रे आणि खाण्याची जागा: ग्रुपवर मेसेज टाकताना या चुका टाळा

पर्वरी-ताळगावच्या सोसायट्यांत कुत्र्यांवरून भांडण पेटते तेव्हा ग्रुपवरचा पहिला मेसेज बहुधा अशा धाटणीचा असतो: "काही लोकांना दया दाखवायची हौस आहे, त्रास मात्र आम्हाला." किंवा उलट बाजूने: "मुक्या जिवांना अन्न देणे हा आमचा हक्क आहे." दोन्हींत जागा नाही, वेळ नाही, म्हणून उत्तरातही रागच येतो.

दुसरी चूक म्हणजे पोल टाकणे, "खाणे बंद करावे का? हो/नाही." बहुमत मिळाले तरी त्याचा उपयोग नाही. केंद्राच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतला विसावा नियम सोसायटीवर खाण्याची सोय करण्याची जबाबदारी टाकतो. पण तोच नियम खाणे घालणाऱ्यालाही मोकळे रान देत नाही. जागा परस्पर संमतीने, कुत्र्यांची संख्या आणि त्यांचे इलाखे पाहून ठरवायची. ती मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, आत-बाहेर जाण्याच्या वाटेपासून दूर हवी. खाणाऱ्यांमागे उष्टे राहता कामा नये. मेसेजमध्ये नियमाच्या या दोन्ही बाजू सांगा. अर्धाच नियम सांगितला की समोरचा उरलेला अर्धा शोधून आणतो.

जागा निवडताना खरी गडबड होते. "मागच्या कंपाउंडला एकच जागा" असे लिहिणे सोपे, पण कुत्रे टोळीने राहतात. समजा सात कुत्रे आहेत, चार गेटजवळचे आणि तीन मागच्या इमारतीखालचे. सातांना एकत्र बोलावले तर पहिल्याच दिवशी जुंपते आणि "बघा, सांगितले होते" म्हणायला निमित्त मिळते. दोन टोळ्यांना दोन जागा द्या, एकमेकींच्या नजरेआड. ताटल्यांमध्येही पाच-सहा फुटांचे अंतर ठेवा. जागा आवाराच्या आतच असावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशानुसार रस्त्यावर खाणे घालता येत नाही. "गेटबाहेर नेऊन घाला" हा तोडगा म्हणूनच बाद. आणि जागेवर पत्र्याचा आडोसा पाहिजे. नाहीतर जूनच्या पहिल्या पावसात कुत्रे पार्किंगमध्ये शिरतात, खाणे घालणाराही त्यांच्या मागे जातो आणि ठरलेले सगळे वाहून जाते.

वेळ ठरवताना लोक खाण्याचा क्षण धरतात, त्याआधीची वाट पाहणे विसरतात. कुत्र्यांना वेळ पक्की कळते. अर्धा तास आधीपासून ते घोळका करतात, उतावीळ होतात. साडेसहाला पोदेर पों-पों करत सायकलवरून येत असेल आणि खाण्याची वेळही साडेसहाच असेल, तर पावाच्या टोपलीमागे कुत्रे धावणारच. त्यात दोष वेळेचा. म्हणून पोदेर, शाळेची बस, ज्येष्ठांचा फेरफटका यांच्या वेळा आधी लिहून काढा, मग मधली मोकळी वेळ शोधा.

मेसेज साधारण असा होईल:

"नमस्कार. गेटजवळच्या खाण्यामुळे दुचाकीवाल्यांना आणि मुलांना त्रास होतो, हे खरे आहे. खाणे एकदम बंद केले तर कुत्रे कचऱ्याच्या पिंपांवर जातील, हेही खरे. म्हणून एक महिन्यासाठी प्रस्ताव: गेटकडच्या चार कुत्र्यांना पंप-रूमच्या मागे, मागच्या तिघांना जनरेटरच्या पलीकडे. वेळ पहाटे ५:३० आणि रात्री ९:४५. पंधरा मिनिटांनी ताटल्या उचलून जागा धुवायची, पाण्याचे भांडे तेवढे राहील. हाडे, माशांचे काटे नकोत. नसबंदी आणि रेबीजची लस कोणाची बाकी आहे त्याची यादी खाणे घालणारे देतील आणि पकडायला मदत करतील. इतर कोणी दुसरीकडे खाणे टाकू नये. हरकत असल्यास पर्यायी जागा आणि वेळ रविवारपर्यंत लिहा."

शेवटच्या वाक्यात नुसती हरकत चालत नाही, पर्याय द्यावा लागतो. तेवढ्याने अर्धी कुरबुर थांबते.

मंजुरीनंतर जागा एका रात्रीत हलवू नका. कुत्रे जुन्या जागी उभे राहून भुंकत राहतात आणि कोणीतरी कळवळून तिथेच पाव टाकतो. तोच माणूस, तीच वेळ, ताटली दर दोन दिवसांनी दहा-पंधरा फूट पुढे. गेटपासून पंप-रूम शंभर फुटांवर असेल तर दोन-तीन आठवडे धरा. या काळात जुन्या जागी कुत्रे घुटमळताना दिसले, तर दुसरे कोणी तिथे खाणे टाकते आहे का ते आधी पाहा.

चावा झाला असेल तर या मेसेजची वाट पाहायची नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि लगेच आरोग्य केंद्र गाठायचे. आणि एवढे करूनही ग्रुपवर एकमत झाले नाही, तर त्याच २०२३ च्या नियमांत पशुवैद्यकीय अधिकारी, पोलीस, तक्रारदार, सोसायटीचा प्रतिनिधी आदींची समिती नेमून निर्णय घेण्याची तरतूद आहे. अर्ज करताना वरचा मेसेज आणि आलेले पर्याय जोडा.