पावलं वाढवायची का, आणि वाढवायची तर किती

धावायला लागून दोन महिने झाले की घड्याळात ‘केडन्स १५६’, म्हणजे मिनिटाला १५६ पावलं, असं दिसतं आणि कुणीतरी सांगतं, १८० पाहिजे. हा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका. अमेरिकी प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये धावपटूंची पावलं मोजली, तेव्हा जवळपास सगळ्यांची मिनिटाला १८० किंवा त्याहून जास्त भरली. पण ते जगातले सर्वोत्तम धावपटू होते आणि शर्यतीच्या वेगात होते. वेग वाढला की पावलं आपसूक वाढतात. रमतगमत धावणाऱ्या उंच माणसाला तोच आकडा लावण्यात अर्थ नाही.

आधी मोजा. दहा मिनिटं धावून अंग मोकळं झालं की अर्धा मिनिट फक्त उजवं पाऊल मोजा आणि चारने गुणा.

मग बदलायची गरज आहे का ते ठरवा. माझं मत ठाम आहे: दुखत नसेल तर नवख्याने धावण्याची ढब मुद्दाम बदलू नये. शरीर स्वतःला परवडेल अशीच ढांग बहुतेक वेळा निवडतं, आणि ती जबरदस्तीने बदलली की त्याच वेगाला दम जास्त लागतो. मात्र गुडघ्याच्या पुढच्या बाजूला किंवा नडगीत पुन्हापुन्हा दुखत असेल, पाऊल थपथप आपटत असेल, तर मित्राला बाजूने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करायला सांगा. पाऊल टेकतं त्या क्षणी चित्र थांबवा. गुडघा जवळजवळ ताठ आणि घोटा गुडघ्याच्या बराच पुढे दिसला, तर ढांग लांब पडते आहे. टाच आधी टेकते का, हे बघत बसू नका. टाचेवर उतरणारे कितीतरी लोक वर्षानुवर्षं विनातक्रार धावतात.

आता खरा अवघड टप्पा. पावलं वाढवायला सांगितलं की माणूस जोरात धावायला लागतो. दोन मिनिटांत धाप लागते आणि ‘हे मला जमणारं नाही’ म्हणून तो सोडून देतो. इथे वेग तोच ठेवायचा असतो, फक्त ढांग आखूड करायची असते. वेग म्हणजे पावलांची संख्या गुणिले पावलाची लांबी; एक वाढवलं तर दुसरं कमी झालंच पाहिजे.

समजा, तुम्ही किलोमीटरला साडेसात मिनिटं घेता. ४०० मीटरच्या ट्रॅकची एक फेरी बरोबर तीन मिनिटांत होते. मिनिटाला १५६ म्हणजे फेरीत ४६८ पावलं, प्रत्येक साधारण ८५ सेंटिमीटरचं. पाच टक्के वाढवून १६४ केली, तर फेरीत ४९२ पावलं आणि प्रत्येक ८१ सेंटिमीटरचं. फरक जेमतेम चार सेंटिमीटरचा. म्हणून ‘छोटी पावलं टाका’ एवढं ऐकून तुरुतुरु धावणारे चुकतात. मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक गतीने ठोके देणारं अ‍ॅप, १६४ ला लावा, त्याच्या ठोक्यावर एक फेरी मारा आणि घड्याळ बघा. तीन मिनिटं आली तर जमलं. पावणेतीन आली तर तुम्ही वेग वाढवलात. पुढची फेरी हळू घ्या. ट्रॅक नसेल तर ट्रेडमिलचा पट्टा ताशी ८ किलोमीटरवर ठेवा, म्हणजे वेग वाढायची सोयच उरत नाही.

पाच टक्क्यांवर थांबा, १८० च्या मागे धावू नका. विस्कॉन्सिन विद्यापीठात ब्रायन हायडरशाइट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की वेग कायम ठेवून पावलं एवढीच वाढवली तरी गुडघ्यावरचा भार कमी होतो. पण तो भार कमी करताना चवड्यावर धावायची हौस करू नका. पाऊल आपोआप जसं पडेल तसं पडू द्या. मुद्दाम चवड्यावर गेलात की गुडघ्याचा ताण पोटरीवर आणि टाचेमागच्या जाड शिरेवर येतो, आणि ती शीर दुखावली की महिनोन्महिने बरी होत नाही. हे मी आमच्या गटात इतक्यांदा पाहिलंय की आता नवख्यांना चवड्याचं नावही काढू देत नाही.

सुरुवातीला एक मिनिट ठोक्यावर, दोन मिनिटं तुमच्या सवयीने, असं पाच-सहा वेळा करा. आठवड्यातून दोनच दिवस, तेही सपाट रस्त्यावर. त्या आठवड्यांत एकूण अंतर वाढवू नका. पोटरी थोडी भरून येईल, ते चालतं. पण सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना टाचेमागे चमक आली, तर मेट्रोनोम बंद करून जुन्या ढबीवर परत या. सहा आठवड्यांनी ठोक्याशिवाय मोजून १६० च्या वर भरली आणि गुडघा शांत असला, की मेट्रोनोम काढून टाका. दुखणं तसंच राहिलं तर पावलं आणखी वाढवू नका, फिजिओथेरपिस्टला दाखवा.