सुनीत लिहिताय? मग वळण, यमक आणि शेवटच्या दोन ओळींत या चुका टाळा

चौदा ओळी झाल्या की सुनीत, म्हणजे इंग्रजीतलं सॉनेट, झालं असं समजून लिहिलेल्या कविता आमच्या कोल्हापुरातल्या गटात दर महिन्याला येतात, आणि बहुतेक वेळा कवितेत जीव असतो, विषय चांगला असतो, फक्त ती कविता दहा ओळींची तरी असायला हवी होती नाहीतर वीस ओळींची तरी. सुनीताचा साचा हा मोजण्यासाठी नाहीये. कुठल्या ओळी एकत्र बसणार, विचार कुठे फिरणार, शेवट किती जोरात बंद होणार हे सगळं तो साचा ठरवतो, म्हणजे अर्थाचा अर्धा भाग तिथंच ठरतो. केशवसुतांनी 1892 मध्ये मराठीत हा प्रकार आणला, पुढं माधव जूलियनांनी तर तो मनापासून चालवला (ते आपल्या राजाराम कॉलेजात शिकवायला होते, हे इथल्या लिहिणाऱ्यांनी विसरू नये असं मला फार वाटतं), तरी आजही त्याच त्याच चार-पाच जागी गाडी अडते.

एक कविता समोर ठेवूनच बोलूया. शुक्रवार पेठेतल्या एका ताईंनी 2019 च्या पुरावर सुनीत लिहिलं होतं, त्यांना विचारूनच इथं देतोय. वृत्त साधं आहे, ओळीला 8 आणि 8 अशा 16 मात्रा. शार्दूलविक्रीडितातच लिहायला पाहिजे असं काही नाही, जुनी बरीच मराठी सुनीतं त्या 19 अक्षरी वृत्तात आहेत हे खरं, पण नवीन माणूस गण जुळवण्यातच दमतो आणि वळणाकडं बघायला ताकद उरत नाही. ताईंची सुरुवात अशी होती:

चार फुटांवर रेघ पुराची,
पाणी चढले उंबऱ्यावरी,
माळ्यावर ती रात्र भयाची,
बाहेर पुन्हा सरीवर सरी.

छान आहे. पुढच्या चार ओळींत गल्लीत आलेली बोट, शेजारच्या आजींना खाली उतरवणं, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट झालं याची सारखी चौकशी. इथपर्यंत आठ ओळी. आणि मग नववी-दहावी ओळ:

आणि वाहुनी गेली भांडी,
आणिक भिजली वही मुलीची,

चूक: नवव्या ओळीत गोष्ट नुसती पुढं सरकते

ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. पहिल्या आठ ओळींत पाणी वाढतंय, नवव्या ओळीतही पाणीच वाढतंय, बाराव्या ओळीतही तेच. वाचणाऱ्याला माहिती वाढत जाते पण बघायची जागा बदलत नाही. सुनीतात वळण म्हणजे नवीन घटना नव्हे, त्याच गोष्टीकडं बघणारी नजर बदलणं. काळ बदलू शकतो, बोलणारा बदलू शकतो, प्रश्नाचं उत्तर येऊ शकतं, किंवा आधी ठामपणे म्हटलेलं नाकारलं जाऊ शकतं.

वळण आहे का नाही हे ओळखायची माझी पद्धत सोपी आहे. नववी ओळ उचलून पाचव्या ओळीच्या जागी ठेवून बघा. तिथंही ती आरामात बसत असेल तर वळण नाही. 'आणि वाहुनी गेली भांडी' ही ओळ पाचव्या काय, दुसऱ्या जागीसुद्धा बसते.

बरेच जण यावर उपाय म्हणून नवव्या ओळीच्या तोंडाला 'पण' लावतात. ताईंनीपण दुसऱ्या खर्ड्यात तेच केलं होतं. 'पण' काढून वाक्य वाचा, त्याच्याबरोबर विरोधही नाहीसा झाला तर ते 'पण' नुसतं चिकटवलेलं आहे. शेक्सपिअरच्या 18 व्या सुनीतात नववी ओळ 'पण' नेच सुरू होते, तिथं ते चालतं, कारण आठ ओळी उन्हाळा कसा टिकत नाही हेच सांगितलंय आणि नवव्या ओळीला 'तुझा उन्हाळा मात्र ओसरणार नाही' असा उलटा दावा येतो. तिथला शब्द काढला तरी विरोध तसाच राहतो.

ताईंच्या कवितेत खरं वळण त्यांच्या बोलण्यात होतं, कवितेत नव्हतं. चर्चेत त्या सहज म्हणाल्या की भिंतीवरची पुराची रेघ कितीदा रंगवली तरी वर येते, आणि मुलगी त्या रेघेला पाठ लावून स्वतःची उंची मोजते. आम्ही सगळेच म्हणालो, ताई, हे आत घ्या. मग हे आलं:

पाणी सरले. रेघ थांबली.
रंग लाविता वर ती येते.
तिच्याच पाशी पोर वाढली,
पाठ टेकुनी मापे घेते.

आता नववी ओळ पाचव्या जागी ठेवून बघा, नाही बसत. पूर आठ ओळींत संपला आणि नवव्या ओळीपासून वर्षं जायला लागली. 'पण' कुठंच नाही. भीतीची रेघ आता मोजपट्टी झाली, आणि पहिल्या ओळीतले चार फूट आपोआप मुलीच्या उंचीचे चार फूट झाले, त्यासाठी वेगळं काही लिहावं लागलं नाही.

वळण नवव्याच ओळीवर पाहिजे का? नाही. पण हलवलं तर त्याला कारण हवं. मिल्टनच्या दृष्टी गेल्यावरच्या सुनीतात वळण आठव्या ओळीतच येतं, तक्रार अजून चालू असताना मध्येच संयम बोलायला लागतो, म्हणजे ते लवकर येणं हाच अर्थ आहे. शेक्सपिअरच्या 130 व्यात उलट, बारा ओळी प्रेयसीत काय काय नाही हेच चाललंय आणि वळण थेट शेवटच्या दोन ओळींत, म्हणून ते इतकं जोरात लागतं. तुमचं वळण सहाव्या ओळीला आलं आणि पुढच्या आठ ओळी त्याचंच स्पष्टीकरण झाल्या, तर ते मात्र फसलं.

चूक: सगळीकडं जोडीनं यमक

आपल्या कानाला सवय आहे दोन-दोन ओळींच्या यमकाची, अभंग घ्या, आर्या घ्या, बडबडगीतं घ्या. त्यामुळं सुनीतातही हात आपोआप जोडी जुळवत जातो, पहिली-दुसरी, तिसरी-चौथी. वाचायला गोड लागतं पण मोठं नुकसान होतं. शेवटच्या दोन ओळींचा जोर कशात असतो? बारा ओळी यमक एक ओळ सोडून येतं, कानाला थोडं थांबायला लागतं, आणि शेवटी दोन ओळी एकदम लागून येतात, दार बंद झाल्यासारखं. आधीच सहा दारं बंद झाली असतील तर सातवं कुणाला ऐकू येणार?

इंग्रजी पद्धतीत चार-चारचे तीन गट आणि शेवटी दोन ओळी असतात, यमक कखकख, गघगघ, चछचछ आणि मग जज, म्हणजे एकच अक्षर असलेल्या ओळींचं यमक जुळतं. इटालियन पद्धतीत आठ आणि सहा, आठांत कखखक कखखक, आणि सहांत गघचगघच किंवा गघगघगघ. हे पाठ करायला लागतं म्हणून कंटाळा येतो, पण एकदा त्याचा परिणाम कानाला कळला की पाठ करायची गरजच राहत नाही. ताईंच्याच पहिल्या चार ओळी घ्या आणि शेवटच्या दोन अदलाबदल करा:

चार फुटांवर रेघ पुराची,
पाणी चढले उंबऱ्यावरी,
बाहेर पुन्हा सरीवर सरी,
माळ्यावर ती रात्र भयाची.

शब्द तेच, एक अक्षर बदललं नाही. पण मूळच्या कखकख रचनेत गट पावसावर संपत होता, म्हणजे पाऊस चालूच आहे, पुढं काय होणार अशी ओढ लागत होती. कखखक केल्यावर पाणी आणि पाऊस आत सापडले, आणि गट पहिल्याच यमकावर परत येऊन बंद झाला. आता माळ्यावर अडकलेलं घर जाणवतं. दोन्ही बरोबर आहेत. ताईंना पुढं बोट आणायची होती म्हणून कखकख ठेवलं. कविता त्या एका रात्रीचीच असती तर मी कखखकच्या बाजूनं भांडलो असतो.

अजून एक छोटी गोष्ट, मराठीत यमक फार स्वस्त मिळतं. गेली, आली, केली, झाली करत चौदा ओळी तासाभरात होतात. यमकाच्या जागी कान थांबतो, म्हणून तिथं निदान दर गटात एकतरी वजनदार शब्द हवा. 'पुराची'-'भयाची' मध्ये नुसता प्रत्यय जुळत नाही, पूर आणि भय समोरासमोर उभे राहतात.

चूक: शेवटच्या दोन ओळींत उपदेश

ताईंच्या पहिल्या खर्ड्याचा शेवट:

निसर्गापुढे माणुस लहान,
राखा त्याचा नेहमी मान.

दोन ओळी लागून यमकात आल्या की त्यांना म्हणीसारखा ठसका येतो, आणि त्या ठसक्यामुळं लिहिणाऱ्याला तात्पर्य सांगायचा मोह होतो. पण हे तात्पर्य कुठल्याही पुराच्या, भूकंपाच्या, वादळाच्या कवितेला चालेल. तपासायचं असेल तर शेवटच्या दोन ओळी झाकून बारा ओळी वाचा. काहीच कमी झाल्यासारखं वाटलं नाही तर त्या दोन ओळी आधीचंच परत सांगतायत. आणि उलटं, नुसत्या त्या दोन ओळी वाचून सगळी कविता कळली तरी गडबड आहे, मग आधीच्या बारा ओळी कशाला?

आम्ही बराच वेळ बोललो. एकानं सुचवलं मुलगी मोठी झाली एवढ्यावर संपवूया, पण ते अकराव्या ओळीतच झालेलं होतं. मग ताईच म्हणाल्या, पोरगी उंची मोजते पण मी अजून पावसाळ्यात रोज सकाळी पाणी किती फूट झालं ते बघते, 39 ला इशारा आणि 43 ला धोका हे डोक्यातून जातच नाही. म्हणजे एकाच घरात दोघी मोजतायत, वेगवेगळं. शेवट असा झाला:

यंदा डोके रेघेवरती,
आई मोजे नदिची भरती.

('नदिची' मधला दि मात्रेसाठी ऱ्हस्व केलाय, तेवढी सूट वृत्तात चालते.) 'वरती' आणि 'भरती' या यमकानं दोन उंच्या एकमेकींना बांधल्या. पोर रेघ ओलांडून गेली याचा आनंद पहिल्या ओळीत आहे, आणि दुसरी ओळ तो आनंद पुरता होऊ देत नाही. यमक मात्र दोन्हीला एकाच दमात बंद करतं. नववीत एक वळण होतंच, शेवटी त्याला अजून एक पीळ बसला.

चूक: साचा आधी, विषय नंतर

आमच्यातल्या एका दादांना अंबाबाईच्या किरणोत्सवावर लिहायचं होतं आणि त्यांनी इटालियन आठ-सहा धरलं. तीनदा लिहून अडले. किरणोत्सवात मावळतीची किरणं पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत येतात, म्हणजे विषयातच तीन पायऱ्या आहेत. तीन पायऱ्या आठ आणि सहात कोंबल्या की दुसरा दिवस मधोमध तुटतो आणि तिथं नसलेलं वळण तयार होतं. चार-चार-चार केलं की दिवसाला एक गट मिळतो आणि शेवटच्या दोन ओळी मोकळ्या राहतात, ढग आले आणि किरणं पोचलीच नाहीत हे सांगायला, किंवा गर्दीतल्या एखाद्या माणसाकडं बघायला. शेक्सपिअरच्या 73 व्या सुनीतात असंच आहे, पहिल्या गटात वर्षाचा शेवट, दुसऱ्यात दिवसाचा, तिसऱ्यात विझत आलेला विस्तव, प्रत्येक गटात उरलेला वेळ कमी होत जातो, आणि शेवटच्या दोन ओळी समोरच्या माणसाशी बोलतात.

पूर्वी असं होतं आणि आता असं, प्रश्न आणि उत्तर, तक्रार आणि समजूत, असे दोनच भाग असतील तर मात्र आठ-सहाच घ्या. तिथं शेवटी जोडीचं यमक नसतं, सहा ओळींत विचार हळूहळू निवतो. आणि विषयात वळणच नसेल, नुसतं रंकाळ्यावरच्या संध्याकाळचं वर्णन करायचं असेल, तर सुनीत करूच नका, बारा ओळींची साधी कविता तिथं जास्त चांगली होते, दादांना मी रंकाळ्याच्या कवितेबद्दल हेच सांगितलं आणि त्यांनी शेवटच्या दोन ओळी काढून टाकल्या.